"आतून" म्हणजे नेमकं कुठून?

टायरच्या दुकानात सकाळी फोन येतो. "टायर आतून खराब झालाय. लांब जायचंय, चालेल का?" दुकानदार लगेच हो किंवा नाही म्हणत नाही, कारण मराठीतल्या या साध्या वाक्याचे टायरच्या बाबतीत तीन अर्थ होतात. टायरची इंजिनाकडची कड झिजली, तर गाडीमालक म्हणतो आतून खराब झाला. टायर रिमवरून उतरवल्यावर पोटात दिसणारं रबर सोलवटलं असेल, तर पंक्चरवालाही म्हणतो आतून खराब झाला. आणि बाजूच्या चिरेतून आतले धागे डोकावू लागले, तर त्यालाही लोक हेच म्हणतात. पहिल्या प्रकारात कदाचित काही दिवस गाडी चालेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात तो टायर लावून फाटकाबाहेरही पडू नये.

प्रश्न नेहमीचाच आहे, पण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात त्याला धार आली आहे. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. गावातल्या रस्त्यांवर चाळीस-पन्नासच्या वेगाने वर्षानुवर्षं निभावून गेलेले टायर एकाएकी ताशी १२० किलोमीटरच्या वेगमर्यादेच्या काँक्रीटवर तासन्‌तास पळू लागले. टायर फुटून अपघात झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि महामार्गावर शिरणाऱ्या गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीम परिवहन विभागाला हाती घ्यावी लागली. तेव्हापासून प्रवासाच्या आदल्या दिवशी टायरवाल्याला फोन करणारे, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या सांगण्यातून किती कळतं आणि किती कळत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात नक्षीपासून करू. नव्या मोटारीच्या टायरवरचे चर साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. पावसात चाकाखाली येणारं पाणी याच चरांमधून बाहेर फेकलं जातं. चर उथळ झाले की पाणी चाकाखाली साचतं आणि रबराची रस्त्यावरची पकड सुटते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९४व्या नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. दुचाकी आणि तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ आहे. ही मर्यादा टायरवरच कोरलेली असते. मुख्य चरांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात आणि ते कुठे आहेत हे दाखवण्यासाठी खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायरचं आयुष्य संपलं.

मात्र लोक फोनवर नक्षीचं एकच माप सांगतात, किंवा "निम्मा शिल्लक आहे" असं म्हणतात. टायर सगळीकडे सारखा झिजत नाही, आणि कुठे झिजला आहे यातच खरी माहिती असते. हवा सतत जास्त ठेवली तर टायरचा मधला पट्टा फुगून रस्त्यावर जास्त घासतो. हवा कमी असेल तर मधला भाग आत दबतो आणि दोन्ही कडा झिजतात. एकच कड झिजत असेल, तर चाक रस्त्यावर सरळ उभं नाही किंवा सरळ धावत नाही. यालाच गॅरेजच्या भाषेत "गाडी टायर खातेय" म्हणतात, आणि हे शब्द अगदी योग्य आहेत, कारण दोष टायरचा नसून गाडीचा असतो. तो दुरुस्त न करता नवा टायर घातला तर गाडी तोही खाते.

त्यामुळे सांगायचंच असेल तर प्रत्येक टायरवर तीन मापं घ्यावीत: बाहेरची कड, मध्य आणि इंजिनाकडची कड. खोली मोजायचं छोटं साधन दुकानात स्वस्तात मिळतं. ते नसेल तर काडेपेटीतली काडी चरात उभी धरावी, नखाने खूण करावी आणि पट्टीवर मोजावी. फक्त ती काडी त्या आडव्या उंचवट्यावर टेकलेली नको. मग चाक थोडं फिरवून आणखी दोन ठिकाणी हेच करावं. "पुढचं डावं" म्हणताना डावं कोणाच्या बाजूने याचा घोळ होतो, म्हणून मेकॅनिक "ड्रायव्हर साइड" आणि "क्लीनर साइड" म्हणतात. तेच शब्द वापरलेले बरे.

आकड्यांत मावत नाही अशी एक खूण फक्त हाताला कळते. चाकाची दिशा किंचित आत किंवा बाहेर वळलेली असली, की टायर पुढे जाता जाता आडवाही घासटला जातो. मग नक्षीच्या प्रत्येक पट्टीची एक कड गोलसर होते आणि दुसरी धारदार. डोळ्यांना हे सहसा दिसत नाही. मेकॅनिक टायरवरून तळहात आडवा फिरवतो. एका दिशेने हात सरकतो, उलट दिशेने कड बोचते, जणू मांजरीच्या अंगावरून केसांच्या उलट हात फिरवावा. हात बोचला तर दोष चाकाच्या दिशेत आहे. हात दोन्हीकडून सारखाच सरकला आणि तरीही एक कड झिजलेली असली, तर चाक उभ्या रेषेतून कललेलं असण्याची शक्यता अधिक. या दोन दोषांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि त्यांतला फरक करणारी ती बोचरी कड कोणत्याही फोटोत दिसत नाही. मात्र टायरच्या तारा वर आल्या असतील तर उघडा हात फिरवू नये. त्या सुईसारख्या रुततात.

आवाजाचंही असंच. शॉकअप निकामी झाले की चाक रस्त्यावर हलकेच उड्या मारत धावतं आणि टायरवर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडतात. गाडीत "घूंऽऽ" असा आवाज येऊ लागतो. चाकाचं बेअरिंग गेलं तरी जवळपास असाच आवाज येतो. फोनवर आवाज काढून दाखवणारे गिऱ्हाईक कितीही हुशार असले तरी हा गुंता त्यांना सुटत नाही. मेकॅनिक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवतो आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवतो. बेअरिंग खराब असेल तर तिथे खरखर जाणवते. तरीही शंका राहिली तर पुढचे टायर मागे टाकून पाहतो. आवाज टायरबरोबर मागे गेला, तर तो टायरचाच.

आता बाजूच्या चिरा. इथे भाषेची आणखी एक अडचण आहे. "उभ्या चिरा आहेत" असं कुणी सांगितलं तर त्यातून काहीच कळत नाही, कारण टायर गोल आहे. वरच्या बाजूला उभी असलेली चीर चाक पाव फेरा फिरलं की आडवी होते. चीर रिमकडून नक्षीकडे जाते की काठाकाठाने गोल फिरते, हे सांगायला हवं. काठाने गोल जाणारी चीर, विशेषतः रिमच्या जवळ किंवा नक्षी संपते त्या खांद्यापाशी, अधिक गंभीर मानावी, कारण टायर प्रत्येक फेऱ्यात तिथेच वाकतो, आणि कमी हवेवर किंवा जास्त ओझ्याने चाललेल्या टायरला तिथेच थकवा येतो.

बारीक जाळीसारख्या चिरांचं कारण वेगळं असतं. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराच्या लांब रेणूंवर हल्ला करून त्यांची साखळी तोडतो. ऊन आणि उष्णता या कामाला हातभार लावतात. यावर उपाय म्हणून कारखान्यातच रबरात मेण आणि संरक्षक रसायनं मिसळलेली असतात. टायर धावताना दबतो-उसळतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात आणि पातळ थर धरून ठेवतात. म्हणूनच परदेशी गेलेल्या मुलाची अंगणात दोन वर्षं उभी असलेली गाडी, रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर चिरा धरते. फार चालली नाही म्हणून टायर नवे आहेत, हे म्हणणं त्यामुळेच फसवं ठरतं. टायर चकाकवणारी पॉलिशंही तपासणीच्या आड येतात. त्यांनी बारीक चिरा भरून काळ्याभोर होतात आणि फोटोत टायर तरुण दिसतो.

चीर किती खोल, हे खरं विचारायचं. नख फिरवल्यावर न अडकणारी जाळी आणि नख अडकवणारी चीर यांत फार फरक आहे. धागे दिसू लागले तर तो टायर संपलाच. पण गाडी उभी असताना हेही नीट कळत नाही. जमिनीजवळ दबलेल्या भागात बाजू वाकते आणि तिथल्या चिरा उघडतात. वरच्या भागात त्याच चिरा मिटलेल्या दिसतात. घरी फोटो काढणारा माणूस वरच्या भागाचा काढतो, कारण तिथेच उजेड असतो. मेकॅनिक चाक फिरवत फिरवत पूर्ण गोल पाहतो. आणि टायरची दुसरी बाजू, इंजिनाकडची, गाडी वर उचलल्याशिवाय नीट दिसतच नाही.

चिरांपेक्षाही घातक म्हणजे फुगा. आजच्या रेडियल टायरमध्ये पॉलिएस्टरचे धागे एका रिमकाठापासून दुसऱ्या रिमकाठापर्यंत कमानीसारखे गेलेले असतात आणि हवेचा दाब तेच पेलतात. चाक खड्ड्यात जोरात आदळलं की टायरची बाजू रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटते, रबर शाबूत राहतं पण आतले धागे तुटतात. मग तेवढ्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते आणि टेंगूळ येतं. यावर दुरुस्ती नाही. याउलट बऱ्याच टायरांच्या बाजूवर रिमकडून नक्षीकडे जाणारी एक उथळ खळगी असते. कारखान्यात धाग्यांच्या थराची दोन टोकं एकावर एक जोडतात, तिथे धागे दुप्पट असल्याने ती पट्टी इतर भागापेक्षा कमी ताणली जाते. ही खळगी निरुपद्रवी आहे. पण फोनवर दोन्हींचं वर्णन एकच येतं: "बाजूने जरा वाकडा झालाय." उंचवटा की खळगा, हे बोट फिरवून सांगितलं तरच उपयोग, आणि शंका असेल तिथे हवा पूर्ण भरून प्रत्यक्ष पाहावं लागतं.

नक्षी शाबूत असूनही टायर जीव घेऊ शकतो, याचं एक दाखला म्हणून सांगण्यासारखं प्रकरण ब्रिटनमधलं आहे. सप्टेंबर २०१२मध्ये आइल ऑफ वाइट बेटावरचा बेस्टिव्हल संगीत महोत्सव आटोपून घरी परतणाऱ्या तरुणांची बस सरे परगण्यात हिंडहेडजवळ झाडावर आदळली. १८ वर्षांचा मायकल मलॉय, केरी ऑग्डेन आणि बसचालक कॉलिन डॉल्बी यांचा मृत्यू झाला. बसचा पुढचा टायर फुटला होता. त्याची नक्षी कायद्यात बसत होती, पण टायर साडेएकोणीस वर्षांचा होता. मायकलची आई फ्रान्सिस मलॉय यांनी त्यानंतर अनेक वर्षं मोहीम चालवली आणि १ फेब्रुवारी २०२१पासून तिथे लॉरी, बस आणि कोच यांच्या पुढच्या आसावर दहा वर्षांपेक्षा जुना टायर वापरायला बंदी आली. त्या टायरची नक्षी मोजून कुणी फोनवर सांगितली असती, तरी उत्तर "चालेल" असंच आलं असतं.

टायरचं वय त्याच्यावरच लिहिलेलं असतं. बाजूवरच्या लांब संकेताच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. हे आकडे अनेकदा टायरच्या एकाच बाजूवर असतात, आणि ती बाजू आत बसवलेली असली तर पुन्हा गाडीखाली शिरणं आलं.

हे सगळं एका गाडीत कसं उतरतं, ते पाहू. समजा, २०२५चा मे महिना आहे. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांना २०१८ सालच्या छोट्या मोटारीने सिन्नरमार्गे समृद्धीवरून नागपूरला जायचं आहे. ते टायरवाल्याला फोन करतात, आणि वर्णन चांगलं करतात. गाडी ४१ हजार किलोमीटर चालली आहे, टायर मूळचेच आहेत. पुढच्या टायरांची नक्षी साडेचार मिलिमीटर, मागच्यांची पाच. मागे क्लीनर साइडला बाजूवर बारीक चिरांची जाळी, नख अडकत नाही. काळजी त्या चिरांची आहे. टायरवाला ऐकून घेतो, हवा किती ते विचारतो आणि म्हणतो, "सर, गाडी घेऊन या. वर उचलल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

गाडी रॅम्पवर चढते. सरांनी मोजलेलं साडेचार हे माप बरोबर निघतं, पण ते बाहेरच्या कडेचं आणि मध्याचं. स्टीअरिंग सरळ असताना इंजिनाकडची कड डोळ्यांना दिसत नाही आणि काडीही तिथे पोचत नाही. क्लीनर साइडच्या पुढच्या टायरची ती कड उंचवट्याच्या पातळीला आलेली आहे, दीड मिलिमीटरच्या आसपास. हात फिरवला तर बोचतो, म्हणजे दोष दिशेचा. इथे घाईचा माणूस लगेच अलाइनमेंटच्या मशिनवर गाडी चढवेल, दिशा दुरुस्त करून देईल आणि पैसे घेईल. हा माणूस आधी टॉमी घेतो आणि लोअर आर्मच्या बुशापाशी लावून हलवतो. रबराचा बुश फाटलेला आहे, आर्म बोटभर हलतो. गाडी उभी असताना चाक सरळ राहतं, पण ब्रेक दाबला की ते मागे ओढलं जाऊन बाहेर वळतं. तेव्हा मशिनवर आकडे बरोबर आले असते आणि टायर झिजत राहिला असता. म्हणून आधी बुश, मग अलाइनमेंट, असाच क्रम.

मग तो सरांना विचारतो, "ड्रायव्हर साइडच्या पुढच्या टायरला पंक्चर कधी काढलं होतं?" नक्षीत दोरीचं टोक त्याला दिसलेलं असतं. सरांना आठवतं: मागच्या वर्षी त्र्यंबकेश्वरहून येताना टायर बसला होता, अंधार होता, तसंच दोनेक किलोमीटर पुढच्या पंपापर्यंत नेलं. पंपावरच्या मुलाने टायर न उतरवता बाहेरूनच दोरी ठोकून दिली. खिळा नक्षीच्या मध्यभागी होता, भोक लहान होतं, त्यानंतर हवा कधी गेली नाही. ही गोष्ट फोनवर सांगावी असं त्यांना वाटलंच नाही, कारण त्यांच्या लेखी ती मिटलेली होती.

टायर रिमवरून उतरतो. आत मूठभर काळी रबराची भुकटी आहे आणि बाजूच्या आतल्या अंगावर गोल फिरणारी सुरकुतलेली, सोलवटलेली पट्टी. हवा नसलेल्या टायरवर गाडीचं वजन आलं, बाजू दुमडून रिमखाली आली आणि प्रत्येक फेऱ्याला आतलं रबर दळलं गेलं. बाहेरून या टायरवर एकही चीर नाही, चारी टायरांत हाच सगळ्यात देखणा. धाग्यांना किती इजा झाली हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून तो बाजूला पडतो. दोरीऐवजी त्याच वेळी टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावायला गेले असते, तर ही भुकटी तेव्हाच दिसली असती.

ज्या मागच्या टायरसाठी फोन केला होता, तो तो शेवटी पाहतो. चाक फिरवत पूर्ण गोल, दोन्ही बाजू, खाली दबणाऱ्या भागासह. चिरा वरवरच्या आहेत, धागे कुठेच नाहीत, फुगा नाही. आतल्या बाजूवर आकडे सापडतात: २३१८, म्हणजे २०१८च्या २३व्या आठवड्यातला. सात वर्षं व्हायला आली. "गावात चालेल," तो म्हणतो, "पण उन्हाळ्यात पाचशे किलोमीटर सलग शंभराच्या वेगाने पळवायला मी हो म्हणणार नाही, सर." आता पुढचे दोन नवे घ्यायचेच आहेत. मागचेही घ्यायचे, की नागपूरला रेल्वेने जाऊन मागचे पावसाळ्याआधी बदलायचे, हा निर्णय सरांचा. ते खुर्चीवर बसून हिशेब करतात.

तेवढ्यात तो डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढतो. तिच्याबद्दल फोनवर दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. नक्षी पूर्ण, साच्यातून निघताना राहिलेले रबराचे केसही तसेच. आकडे २११८. हवा फक्त ११. तो हवा भरतो, साबणाचं पाणी लावून वॉल्व्हपाशी बुडबुडे येतात का ते पाहतो आणि खडूने तिच्यावर आजची तारीख लिहितो.